‘योग्य ती कार्यवाही’ मागू नका

जून-जुलै आला की विद्यापीठांच्या परीक्षा विभागांत एकाच विषयाच्या मेलची रीघ लागते. निकाल लागलेला असतो, पुढच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि गुणपत्रिकेचा पत्ता नसतो. मग रात्री उशिरा, मोबाइलवरून, एका दमात लिहिलेला मेल सुटतो. तो साधारण असा असतो :

> विषय : मार्कशीट!!!
>
> हाय सर, मी लास्ट इयर बीकॉम केलं पण मार्कशीट अजून आली नाहीये. कॉलेजवाले म्हणतात युनिव्हर्सिटीला विचारा, तिकडे कोणी फोनच उचलत नाही. मला अ‍ॅडमिशनसाठी अर्जंट पाहिजे, लास्ट डेट जवळ आलीये. प्लीज लवकर काहीतरी करा ना. काय चाललंय हे? थँक्स.

यात खोटे काही नाही आणि त्रागाही अनाठायी नाही. तरीही हा मेल ज्या टेबलावर उघडतो, तिथल्या लिपिकाला त्यावरून करता येईल असे एकही काम त्यात नाही. कोणते महाविद्यालय, कितवे सत्र, कोणत्या महिन्यातली परीक्षा, आसन क्रमांक काय, यातले काहीच नाही. ‘लास्ट इयर बीकॉम’ म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे की गेल्या वर्षी बीकॉम झाला, हेही कळत नाही. तळाशी नाव नाही. मेलच्या पत्त्यावरून ओळखावे, तर तो पत्ता आठवीत असताना मित्रांनी ठेवलेल्या टोपणनावाचा.

घरातले कोणीतरी जाणते माणूस हा मेल वाचते आणि म्हणते, ‘‘अरे, जरा फॉर्मल लिही की. ऑफिसला लिहितोयस.’’ सल्ला बरोबर आहे. गडबड होते ती पुढे. मुलगा पुन्हा बसतो आणि शाळेत पाठ केलेल्या अर्जाची भाषा आठवून हे लिहितो :

> आदरणीय महोदय, सादर प्रणाम. मी आपल्या नामांकित विद्यापीठाचा एक सामान्य विद्यार्थी असून अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करू इच्छितो की, माझी गुणपत्रिका अद्यापपावेतो अप्राप्त असल्याकारणाने माझी अतोनात गैरसोय होत आहे. तरी आपण सदर प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.

घरच्यांना हे पसंत पडते. विद्यापीठाला काय कळले? पहिल्या मेलइतकेही नाही. पहिल्यात निदान बीकॉम होते, कॉलेजने हात वर केल्याचे होते, प्रवेशाची मुदत होती. दुसऱ्यात ते सगळे ‘गैरसोय’ या एका शब्दात बुडाले. आणि शेवटी मागितली ती ‘योग्य ती कार्यवाही’. ही मागणी कोणत्याही कार्यालयाला फार सोयीची, कारण योग्य काय ते कार्यालयच ठरवणार. मेल वाचून फाइलला लावणे ही कार्यवाही योग्य नव्हती, असे म्हणायची जागाच अर्जदाराने स्वतःहून सोडून दिलेली असते.

मराठीत औपचारिकपणा म्हटले की वाकणे, असे एक समीकरण आपल्या डोक्यात बसलेले आहे. ते काढून टाकायचे तर मेलचे पुढे काय होते, हे एकदा पाहायला हवे. परीक्षा विभागाचा सामायिक मेल उघडणारा माणूस बहुधा कनिष्ठ लिपिक असतो. तो विषयाची ओळ पाहून मेल कोणत्या शाखेचा, ते ठरवतो : निकालाची, गुणपत्रिकांची, पात्रतेची. शाखांची नावे विद्यापीठागणिक बदलतात, विभागणी साधारण अशीच असते. त्या शाखेतला लिपिक नोंदी पाहतो आणि वरच्याकडे टिपणी ठेवतो : सदर विद्यार्थ्याने अमुक परीक्षेची गुणपत्रिका न मिळाल्याबाबत अर्ज केला आहे, अभिलेख तपासले असता असे आढळते, तरी आदेशार्थ सादर. ती टिपणी कक्ष अधिकारी किंवा अधीक्षकाकडून सहायक कुलसचिवाकडे जाते. या सगळ्या प्रवासात विद्यार्थी कुठेच हजर नसतो, त्याची वाक्येच तेवढी असतात. म्हणून कार्यालयीन पत्राची आमच्या मते एकच कसोटी आहे. तुमचे वाक्य लिपिकाला तुम्हाला फोन न करता जसेच्या तसे टिपणीत उतरवता आले पाहिजे. ‘अतोनात गैरसोय’ टिपणीत उतरत नाही, आसन क्रमांक उतरतो.

आता मूळ मेलकडे वळू. ‘मार्कशीट आली नाही’ या तीन शब्दांमागे निदान तीन निरनिराळ्या तक्रारी असू शकतात, आणि त्यांची टेबले वेगळी आहेत. एक, निकालच जाहीर झालेला नाही. दोन, वर्गाचा निकाल लागला, पण या विद्यार्थ्याचा राखून ठेवला आहे. महाविद्यालयाने अंतर्गत गुण भरले नाहीत, खालच्या सत्राचा एखादा विषय राहिला आहे, दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आलेल्याचे स्थलांतर प्रमाणपत्र न पोचल्याने पात्रता कायम झालेली नाही, अशी त्याची नेहमीची कारणे. तीन, निकाल लागला, संकेतस्थळावर ‘उत्तीर्ण’ दिसते आहे आणि फक्त छापील कागद हातात आलेला नाही.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक पेच असतो. संलग्न महाविद्यालयांच्या गुणपत्रिका विद्यापीठ सहसा विद्यार्थ्याच्या घरी पाठवत नाही. त्या महाविद्यालयाकडे गठ्ठ्याने जातात आणि तिथे सही घेऊन वाटल्या जातात. त्यामुळे ‘मिळाली नाही’ एवढेच लिहिले, की विद्यापीठाकडून एका ओळीचे उत्तर येते : आपल्या महाविद्यालयाशी संपर्क साधावा. हे उत्तर चुकीचे नसते, म्हणूनच ते जास्त चीड आणते. ते टाळायचे तर महाविद्यालयात आधी जाऊन यायचे आणि तिथे नेमके काय सांगितले, ते तारखेसह लिहायचे. ‘कॉलेजवाले म्हणतात युनिव्हर्सिटीला विचारा’ ही कुरबुर झाली. ‘७ जुलै रोजी चौकशी केली असता, आमच्या वर्गाच्या गुणपत्रिका आल्या आहेत, परंतु त्यांत माझी नाही, असे सांगण्यात आले’ हा पुरावा झाला. एवढ्या एका वाक्यावरून जाणता लिपिक ओळखतो की गठ्ठा अडलेला नाही, याच मुलाची नोंद कुठेतरी अडली आहे. तो थेट तीच नोंद उघडतो.

‘काय चाललंय हे?’ या प्रश्नाचे काय करायचे? राग औपचारिक भाषेत मांडायचा तर कायद्याचा आधार घ्यावा, असे काहींना वाटते. आधार आहेही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावायचा आहे. पण हे कलम निकाल जाहीर करण्याबद्दल आहे, छापील गुणपत्रिका हातात देण्याबद्दल नाही. ज्याचा निकाल वेळेत लागला आणि कागद तेवढा रखडला, त्याने कलम ८९ चा हवाला दिला तर समोरचा माणूस दोन ओळींत तो खोडून काढतो आणि मूळ तक्रार तशीच राहते. कायदा सांगायचा तर आपल्या प्रकरणाला लागू पडणाराच सांगावा. पहिल्याच पत्रात तर तो सहसा लागतही नाही.

‘अर्जंट’ या शब्दाचेही तसेच. परीक्षा विभागात येणारा प्रत्येक मेल अर्जंट असतो, त्यामुळे त्या शब्दाला तिथे काही किंमत उरलेली नाही. किंमत आहे ती तारखेला. प्रवेशाची अंतिम तारीख लिहावी आणि त्या सूचनेचे पान सोबत जोडावे. ‘कोणी फोन उचलत नाही’ हे खरे असले तरी गाळावे. त्यावर कोणाला काही करता येत नाही, आणि ज्याने फोन उचलला नाही तोच बहुधा मेल वाचत असतो.

हे सगळे धरून तोच मेल नव्याने लिहिला, तर तो असा होईल. रिकाम्या जागा ज्याच्या त्याने भराव्यात, तारखा नमुन्यादाखल आहेत.

> प्रति,
> मा. संचालक,
> परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
> ………… विद्यापीठ
>
> विषय : बी. कॉम. सत्र ६, एप्रिल २०२५ परीक्षा, आसन क्र. ………… : मूळ गुणपत्रिका न मिळाल्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> मी ………… महाविद्यालयातून (सांकेतिक क्र. ……) एप्रिल २०२५ मध्ये बी. कॉम. सत्र ६ ची परीक्षा दिली. माझा कायम नोंदणी क्रमांक ………… आहे. या परीक्षेचा निकाल ३ जून २०२५ रोजी जाहीर झाला असून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझा निकाल ‘उत्तीर्ण’ असा दिसतो.
>
> मूळ गुणपत्रिका मला अद्याप मिळालेली नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात ७ जुलै रोजी चौकशी केली असता, आमच्या वर्गाच्या गुणपत्रिका आल्या आहेत, परंतु त्यांत माझी गुणपत्रिका नाही, असे सांगण्यात आले.
>
> एम. कॉम. प्रवेशासाठी मूळ गुणपत्रिका सादर करण्याची अंतिम तारीख १८ जुलै आहे. तरी माझी गुणपत्रिका महाविद्यालयाकडे कोणत्या तारखेस पाठवली, हे कळवावे. ती राखून ठेवली असल्यास त्याचे कारण आणि मी करावयाची पूर्तता कळवावी. १८ जुलैपूर्वी गुणपत्रिका देणे शक्य नसल्यास उत्तीर्ण असल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (परीक्षा अर्जाप्रमाणे पूर्ण नाव)
> (मोबाइल क्रमांक)
>
> सोबत : १. परीक्षेचे प्रवेशपत्र २. संकेतस्थळावरील निकालाची प्रत ३. प्रवेशाच्या सूचनेचे पान
> प्रत : मा. प्राचार्य, ………… महाविद्यालय

या पत्रात ‘नम्र’ हा शब्द नाही, ‘सादर प्रणाम’ नाही, विद्यापीठाची स्तुती नाही. तरी ते उद्धट वाटत नाही. मराठीत अदब बरीचशी क्रियापदातच असते. ‘पाठवा ना’ म्हटले की लाडिगोडी होते, ‘पाठवा’ म्हटले की हुकूम होतो, ‘पाठवावी’ म्हटले की विनंती होते. कळवावे, द्यावे, पाठवावी एवढे सांभाळले की पुढे ‘नम्र’, ‘कृपाळू’, ‘सहानुभूतीपूर्वक’ यांचे ठिगळ लावायची गरज पडत नाही. गुणपत्रिका मागताना सहानुभूती कशासाठी मागायची? परीक्षा दिली, शुल्क भरले, उत्तीर्ण झाला. तो कागद त्याचाच आहे. तसेच ‘अद्यापपावेतो अप्राप्त’चे. ‘अद्याप मिळालेली नाही’ हे वाक्य कोणत्याही सरकारी टेबलावर पुरेसे औपचारिक आहे आणि एका वाचनात कळते.

मागणीही पाहा. ‘योग्य ती कार्यवाही’च्या जागी तीन साध्या गोष्टी आल्या : केव्हा पाठवली, अडली असेल तर का, वेळेत होत नसेल तर त्याऐवजी काय. यातल्या प्रत्येकीला उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तर दिले नाही तर कशाचे दिले नाही, हे दाखवता येते. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मागणी पहिल्याच पत्रात करून ठेवावी. मुदतीच्या आदल्या दिवशी ते आठवून उपयोग नसतो. विद्यापीठाने गुणपत्रिका डिजिलॉकरवर दिली आहे का, तेही मेल करण्याआधी पाहावे. डिजिलॉकरमधून मिळालेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असे त्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत म्हटले आहे. प्रवेश देणारे कार्यालय तो मानायला का-कू करत असेल, तर तिथे हा नियम दाखवायचा.

बारीकसारीक दोन-चार गोष्टी. पत्र ‘परीक्षा नियंत्रक’ यांच्या नावे लिहिण्याची जुनी सवय अजून आहे. २०१६ च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत त्या पदाच्या जागी परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा संचालक आला. जुन्या पदनामामुळे मेल कोणी परत पाठवणार नाही, पण बरोबर पदनाम लिहिणारा अर्जदार चौकशी करून आला आहे, हे वाचणाऱ्याला कळते. नाव परीक्षा अर्जावर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहावे. बहुतेक ठिकाणी आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव असते. मेल शक्यतो परीक्षा अर्जात नोंदवलेल्या पत्त्यावरूनच करावा. आणि मागितलेले नसताना आधार कार्ड जोडू नये. सामायिक मेलवर ते किती जणांच्या नजरेखालून जाईल, याचा भरवसा नसतो. प्राचार्यांना प्रत द्यायची ती मात्र विसरू नये. चूक महाविद्यालयाकडची निघाली, तर तीच प्रत उपयोगी पडते.

उत्तर आले नाही तर? आठवडाभर थांबून त्याच मेलखाली, विषयाची ओळ न बदलता, ‘स्मरणपत्र १’ असे लिहून पाठवावे. नवा मेल नव्या शब्दांत लिहिला की कार्यालयाच्या लेखी ते नवे प्रकरण होते आणि आधीचे दिवस वाया जातात. स्मरणपत्र चार ओळींचे पुरे. त्यात चढा सूर नको आणि ‘माहिती अधिकारात टाकीन’ ही धमकीही नको. माहितीचा अर्ज करायचा असेल तर सरळ करावा, त्याची धमकी देऊ नये. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर जागा आहे ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत, शैक्षणिक वेळापत्रकापेक्षा निकालाला झालेला उशीर ही तक्रारीची बाब म्हणून नोंदलेली आहे. समितीने आपला अहवाल कामाच्या १५ दिवसांत द्यायचा आहे आणि तिच्या निर्णयावर लोकपालाकडे जाता येते. तिथे पोचल्यावर हातात काय असते? तारखा असलेले पहिले पत्र आणि त्याखालची दोन स्मरणपत्रे. ‘मार्कशीट!!!’ असे सात मेल केले असले, तरी ते तिथे काही सिद्ध करत नाहीत.

इथवर विद्यार्थ्यांना सांगून झाले. पण औपचारिकपणा एकट्या अर्जदारानेच पाळायचा, हे आम्हाला मान्य नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकालांचा बोजवारा उडाला. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, परदेशी प्रवेश मिळालेली मुले हवालदिल झाली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्या महिन्यांत मुलांनी कितीही नेटकी पत्रे लिहिली असती, तरी जो निकाल तयारच नव्हता तो त्यांना मिळाला नसता. पत्राची ताकद एवढीच, की काम झालेले असेल तर ते शोधून देता येते आणि झालेले नसेल तर तशी नोंद राहते.

ती नोंद राहण्यासाठी विद्यापीठाने आपल्या बाजूने फक्त एक करावे. कागदी अर्ज खिडकीवर दिला की प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळतो, मेलने आलेल्या अर्जाला तोच आवक क्रमांक, कोणत्या शाखेकडे दिला त्या नावासह, दुसऱ्या दिवशी उलट टपाली कळवावा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, आवक नोंदवही आहेच. विद्यार्थ्याकडून आसन क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि महाविद्यालयाचा सांकेतिक क्रमांक मागणाऱ्या कार्यालयाने त्याच्या अर्जाला निदान एक क्रमांक द्यावा.